खोका उघडला रविवारी, तारीख आहे ऑक्टोबरची. हे दूध ठेवू की टाकू?

एकटीचा_चहा · शुक्रवार, सकाळी ८:१०

मंडळी, प्रश्न क्षुल्लक आहे, पण सकाळपासून डोकं खातोय.

पुण्यात एकटी राहते. रोज दोन कप चहा, बाकी दुधाचा काही उपयोग नाही. पिशवी आणली की निम्मी नासते, म्हणून दोन वर्षं ते एक लिटरचे खोके आणते, न उघडता बाहेर टिकतात ते. आत्ता घरात दोन आहेत.

पहिला खोका रविवारी सकाळी उघडला. कोपरा कात्रीने कापला, दुमडून कपड्यांचा चिमटा लावला आणि फ्रिजच्या दारात ठेवला. त्यावरची तारीख ऑक्टोबर अखेरची आहे. साधारण पाव लिटर दूध उरलंय.

दुसरा खोका घर बदलताना एका पेटीत राहून गेला होता. उघडलेला नाही, फुगलेला नाही, पण तारीख २४ मे. म्हणजे तीन आठवडे उलटून गेले.

मावशी म्हणते, दुसरा टाक, पहिल्याला अजून चार महिने आहेत. मलाही तेच पटत होतं. पण आज सकाळचा चहा किंचित कडवट लागला. दूध फाटलं नाही, वासही आला नाही. चहापत्ती जास्त पडली असेल का?

नाना_सदाशिव · ८:३२

उकळलं ना? फाटलं नाही ना? मग दूध उत्तम आहे. आमच्या घरी पन्नास वर्षं हीच परीक्षा. वाटीभर दूध गॅसवर ठेवायचं, खराब असेल तर लगेच फुटतं. आणि उकळल्यावर त्यात काय जिवंत राहणार आहे? तुम्ही हल्लीचे लोक तारखा वाचून अन्न फेकता.

दुसरा खोका मात्र टाका. तारीख म्हणजे तारीख.

घाटमाथा · ८:४५

मुळात जे दूध सहा महिने बाहेर टिकतं ते दूधच नव्हे. त्यात काहीतरी औषध घातल्याशिवाय हे शक्य नाही. आमच्याकडे सकाळी म्हैस पिळली की संध्याकाळपर्यंत टिकवताना नाकी नऊ येतात.

साय_जाड · ९:२०

डेअरीच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एकटीचा_चहा, तुमच्या मावशीचा निकाल अगदी उलटा आहे. चार महिने बाकी असलेला खोका आजच ओतून द्या. चहापत्तीचा दोष नाही, ते दूधच कडू व्हायला लागलंय.

खोक्यावरची तारीख बंद खोक्याची असते. दूध साधारण १३५ ते १४० अंशांवर दोन-चार सेकंद तापवतात, लगेच थंड करतात आणि निर्जंतुक जागेत निर्जंतुक खोक्यात भरतात. खोक्यात कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असे थर असतात, त्यामुळे हवा आणि उजेड आत जात नाही. आत जंतू नाहीत आणि बाहेरून येत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर ते सहा महिने टिकतं. घाटमाथा, म्हणून औषध घालायची गरजच पडत नाही.

तुम्ही कात्री लावली त्या क्षणी ती गोष्ट संपली. त्यानंतर ऑक्टोबर या शब्दाला अर्थ उरत नाही. मग बघायची ती खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली ओळ: उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि अमुक दिवसांत संपवा. बहुतेक खोक्यांवर दोन किंवा तीन दिवस असतात. तुमचे पाच दिवस उलटले आहेत.

एकटीचा_चहा · ९:३१

आत्ता भिंग घेऊन वाचलं. दोन दिवस! दोन वर्षं हे खोके आणते आहे आणि ही ओळ कधी दिसलीच नाही. चिमटा लावते त्याच घडीत ती दडते.

पण मग फाटलं का नाही? नानांचं म्हणणं चूक आहे का? माझ्या आईचीही हीच परीक्षा.

साय_जाड · ९:५८

नानांची परीक्षा पिशवीच्या दुधासाठी बरोबर आहे. खोक्याच्या दुधाला ती लागू पडत नाही.

पिशवीचं दूध साधारण ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवलेलं असतं. त्यात रोग करणारे जंतू मरतात, पण सगळेच मरत नाहीत. दूध आंबवणारे थोडे उरतात, थोडे नंतर शिरतात. बाहेर राहिलं की तेच वाढतात, आंबटपणा वाढतो, आंबूस वास येतो आणि असं दूध तापवलं की फुटतं. म्हणजे पिशवीचं दूध बिघडताना ओरडून सांगतं. आपल्या आई-आज्यांचं नाक आणि ती वाटीभर दुधाची परीक्षा या आंबटपणावर तयार झाली आहे.

खोक्याच्या दुधात हे आंबवणारे जंतू उरलेलेच नसतात. उघडल्यावर कात्रीवरून, हवेतून, फ्रिजमधून जे कोण आधी पोचेल त्याचं राज्य. फ्रिजच्या थंडीत वाढणारे काही जंतू आंबट काही करत नाहीत, ते दुधातली प्रथिनं तोडतात. त्यातून येतो तो कडवटपणा. आणखी एका जातीच्या जंतूंमुळे दूध आंबट न होताच घट्ट होतं, तळाशी जेलीसारखा थर बसतो. चव गोडसर, वास ठीक आणि तरी दूध गेलेलं. डेअरीत आम्ही त्याला गोड फाटणं म्हणतो.

त्यामुळे ‘वास आला नाही, फाटलं नाही’ याचा अर्थ एवढाच की ते आंबलेलं नाही.

नाना_सदाशिव · १०:१५

बरं, आंबवणारे नसतील, दुसरे असतील. पण उकळल्यावर ते मरतात की नाही? हो की नाही एवढं सांगा.

साय_जाड · १०:२८

नाना, मरतात. तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर.

पण त्यांनी आधी केलेला उद्योग मरत नाही. कडवटपणा उकळून जात नाही, हे या बाईंनी आज सकाळी चाखलंच. आणि काही जंतू दुधात विष सोडतात, ते तर उकळीला दाद देत नाही. शिळ्या भातामुळे उलट्या होतात तो जंतू माहीत असेल, तो दुधातही वाढतो. त्याचे बीजाणू उकळीतून जिवंत निघतात आणि त्याचं उलटी आणणारं विषही तसंच राहतं. अशा वेळी खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. पाच दिवस फ्रिजमध्ये राहिलेल्या दुधात ते असेलच असं मी म्हणत नाही. असलं तर उकळून जाणार नाही, एवढंच.

चुलीवरचा · १०:४०

माझाही हाच प्रॉब्लेम! खोक्याचं दूध कालच उघडलं आणि आज चहात फुटलं. तारीख सप्टेंबरची. कंपनीला फोन करू का?

साय_जाड · १०:४४

चहात गूळ घालता का?

चुलीवरचा · १०:४६

हो. आणि आलं ठेचून. तुम्हाला कसं कळलं??

साय_जाड · १०:५२

मग कंपनीला त्रास देऊ नका. काही गुळात आंबटपणा आणि क्षार इतके असतात की चांगलं दूधही उकळताना फुटतं, आणि कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारा एक घटक असतो. आलं पाण्यात आधी नीट उकळून घ्या, दूध वेगळं गरम करा, गॅस बंद केल्यावर गूळ आणि शेवटी दूध. तरीही फुटलं तर बोलू. हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे खरं तर.

राइनकाठ · दुपारी १२:०५

मी जर्मनीत राहतो, इथे अर्धं दुकान या दुधानेच भरलेलं असतं. त्याला हा-मिल्श म्हणतात, फ्रिजबाहेर साबणाशेजारी रचून ठेवतात. इथे त्यावर छापलेली तारीख म्हणजे ‘किमान या दिवसापर्यंत उत्तम राहील’ अशी हमी असते. उलटली तरी बंद खोका लोक सर्रास उघडतात, बघतात, चाखतात आणि वापरतात. मी स्वतः महिना उलटलेलं वापरलंय.

त्यामुळे दुसरा खोका टाकायला सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही.

साय_जाड · १२:३०

आपल्याकडे एक फरक आहे. पूर्वी आपल्या खोक्यांवरही ‘अमुक दिवसांपर्यंत उत्तम’ अशी ओळ असायची. २०२० च्या नव्या लेबल नियमांत ‘वापरण्याची अंतिम तारीख’ सक्तीची झाली आणि ‘उत्तम’ वाली ओळ ऐच्छिक झाली. म्हणजे तुमच्याकडची तारीख दर्जाबद्दल बोलते, इथली तारीख म्हणते यानंतर वापरू नका. दुकानदाराला त्यानंतर तो खोका विकताही येत नाही.

दूध तेच, यंत्रं तीच, मग आतल्या दुधात काय फरक पडतो, असा तुमचा पुढचा प्रश्न असेल. बंद खोक्यात जंतू नसले तरी काही गोष्टी चालूच असतात. तापवण्याआधी कच्च्या दुधात जे जंतू होते, त्यांनी सोडलेली काही विकरं १४० अंशांनाही पूर्ण मरत नाहीत. जंतू मेले, त्यांची हत्यारं राहिली. ती महिनोन्‌महिने हळूहळू प्रथिनं कापत राहतात, म्हणून जुन्या खोक्यात दूध कडवटतं, कधी दाट होतं, मलई वर चिकटते, तळाशी गाळ बसतो, रंग किंचित पिवळसर होतो. उन्हाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या खोक्यात हे लवकर होतं, थंड कोनाड्यात उशिरा. सहा महिने ही मुदत त्यामुळेच ठेवलेली, सहा वर्षं नाही.

तर दुसरा खोका घातक असेल अशी शक्यता कमी, बेचव असेल अशी शक्यता बरीच.

एकटीचा_चहा · १२:४१

म्हणजे उघडून बघू?

साय_जाड · १२:५५

आधी बाहेरून बघा. खोका फुगलाय का, कोपऱ्यात ओल आहे का, कडेला वाळलेला पिवळट ओघळ आहे का, दाबलं तर मऊ पडतोय का. यातलं एक जरी दिसलं तर उघडू नका, चाखू तर अजिबात नका. फुगणं म्हणजे आत जंतूंनी वायू केलाय, म्हणजे कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक पडलंय. घर बदलताना पेट्या आपटतात, कोपरे चेपतात, घडीवर चीर जाते. तुमचा खोका नेमका अशाच पेटीत होता. आणि न फुगताही आत शिरकाव झालेला असू शकतो, सगळे जंतू वायू करत नाहीत.

मी तुमच्या जागी असते तर टाकला असता. तो खोका मे महिनाभर कुठे होता हे तुम्हालाच माहीत नाही, हे माझं कारण. राइनकाठ त्यांच्या थंड तळघरातला खोका वापरतात, ते मला समजतं.

राइनकाठ · दुपारी १:१०

तळघर नाही हो, स्वयंपाकघराचं कपाटच. पण मुद्दा मान्य, इथे घरात ३८ अंश होत नाहीत. तरी मी असतो तर ग्लासात ओतून बघितलं असतं. एक घोट चाखून कोणी मरत नाही.

रुईचं_पान · १:२५

माझ्याकडेही एक तारीख उलटलेला आहे, दहाच दिवस. सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांना शेवयांची खीर करून घालायची होती. खीर तर भरपूर उकळते.

साय_जाड · १:३३

त्यांना नको. तुम्ही स्वतःसाठी काय धोका घ्यायचा तो घ्या, पण म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई, आजारातून उठलेला माणूस यांच्यासाठी तारखेशी वाटाघाट करू नका. आणि खीर उकळण्याबद्दल नानांना जे लिहिलं तेच.

कोकणवारा · दुपारी ३:१५

आमच्या गावाकडचा अनुभव सांगतो. गणपतीत पाहुणे येणार म्हणून दहा खोके आणून ठेवले. रात्री एक उघडला, निम्मा वापरला, फ्रिजमध्ये ठेवला. पहाटे दोनला वीज गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. मी म्हटलं खोका आहे, याला काय होतंय, बाहेरही टिकतो. सकाळी सगळ्यांना त्यातलाच चहा. चव ठीक होती. दुपारी दोघांना उलट्या. आता ते दूध होतं की आदल्या रात्रीचा भात, देव जाणे, दोन्ही एकाच फ्रिजमध्ये होते. पण ‘बाहेरही टिकतो’ हे मी उघडलेल्या खोक्याला लावलं, तिथे चुकलो एवढं खरं.

साय_जाड · ३:४०

भात आणि दूध दोघंही संशयित, आणि दोघांवर एकच आरोप लागू शकतो! नक्की कोण ते आता सांगता येणार नाही. पण उघडलेलं खोक्याचं दूध फ्रिजबाहेर पिशवीच्या दुधाइतकंच नाजूक. उलट थोडं जास्त फसवं, कारण आंबट होऊन इशारा देत नाही. उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलं तर ते परत फ्रिजमध्ये टाकून वाचत नाही.

एकटीचा_चहा · रात्री ९:५०

दिवसभरात एक उद्योग केला. ऑफिसच्या पॅन्ट्रीतून थर्मामीटर आणला, एका ग्लासात पाणी घेऊन त्यात बुडवून फ्रिजच्या दारात तीन तास ठेवला, मग मधल्या कप्प्यात मागे तीन तास. दारात १० अंश, मागे ४. माझा खोका पाच दिवस १० अंशांत बसला होता!

पहिला खोका सिंकमध्ये ओतला. ओतताना शेवटी तळातून एक लिबलिबीत गोळा बाहेर पडला, साबुदाण्याच्या खिरीसारखा. आणि कापलेल्या कोपऱ्याच्या आतल्या कडेला पिवळी खपली होती. रोज त्याच कोपऱ्यातून दूध ओतत होते, त्या खपलीवरून. कात्रीही तीच, जिने कोथिंबीर कापते. आता त्या पाच दिवसांचा चहा आठवून पोटात कसंतरी होतंय.

दुसराही टाकला. राइनकाठ, माफ करा, ग्लासात ओतून बघण्याची हिंमत उरली नाही.

आता मुख्य अडचण. दिवसाला मला दीडशे मिली लागतं. दोन दिवसांत तीनशे. लिटरमधलं सातशे मिली दर वेळी ओतून देऊ का?

साय_जाड · १०:१२

तो गोळा म्हणजेच गोड फाटणं. सकाळी मी नुसतं वर्णन केलं होतं, तुम्ही पुरावाच दिलात.

अडचणीवर सरळ उपाय २०० मिलीचा छोटा खोका. लिटरमागे महाग पडतो, पण ओतून दिलेल्या सातशे मिलीपेक्षा स्वस्तच.

मोठाच आणायचा असेल तर उघडल्याबरोबर, पहिल्याच मिनिटात, तीनशे मिली बाजूला काढा आणि उरलेलं बर्फाच्या स्वच्छ ट्रेमध्ये ओतून गोठवा. चौथ्या दिवशी उरलेलं गोठवण्यात अर्थ नाही, गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. वितळल्यावर स्निग्धांश वेगळा होऊन दूध दाणेदार दिसतं, पिववत नाही, पण चहात दोन-तीन खडे थेट टाकले तर कळत नाही.

आणि कात्री उकळत्या पाण्यातून काढा, खोका मागच्या कप्प्यात ठेवा, त्यावर उघडल्याची तारीख मार्करने लिहा. ओतलेलं दूध परत खोक्यात टाकू नका.

नाना_सदाशिव · १०:३०

मी काय म्हणतो, उघडल्याबरोबर सगळं उकळून पातेल्यात झाकून ठेवलं तर? आपण पिशवीचं तेच करतो. रोज एकदा उकळी काढायची, चार-पाच दिवस आरामात जातं.

साय_जाड · १०:४१

पहिल्याच दिवशी उकळून, लवकर गार करून, झाकून मागच्या कप्प्यात ठेवलं तर एखादा दिवस जास्त मिळेल, नाकारत नाही. पण खोक्याचं दूध आधीच निर्जंतुक असतं, त्यामुळे पातेलं, झाकण, डाव यांच्यावरून तुम्ही उलट काहीतरी आत घालण्याचीच शक्यता जास्त. आणि रोज उकळायचं म्हणजे रोज ते तासभर कोमट राहतं, जंतूंना तेच हवं असतं. मी पाच दिवसांची खात्री देणार नाही.

नाना_सदाशिव · १०:४७

आमच्या हिने दिली असती. असो.

रुईचं_पान · शनिवार, सकाळी ७:५५

उरलेल्या दुधाला विरजण लावलं तर चालेल का? दही तरी होईल, वाया जाणार नाही. मी एकदा पनीर करायला गेले होते, नुसता चुरा झाला.

साय_जाड · ८:२०

पनीर होणार नाही नीट, इतकं तापवल्यावर प्रथिनं बदललेली असतात, लगदा पडतो. दही लागतं, थोडं मऊ. ४० ते ४५ अंशांना कोमट करून चमचाभर ताजं विरजण. पण उघडल्या दिवशीच लावा. कडवट झालेल्या दुधाचं दहीही कडवटच होतं.

एकटीचा_चहा · ८:३१

काल रात्री नवीन खोका उघडला, ट्रे भरला. सोळा खडे. आत्ता तीन टाकून चहा केला, दूध कमी पडलं, चौथा टाकला. चहा गार झाला, परत तापवला. आलं नाही घातलं.

चुलीवरचा · ८:४०

आलं आधी उकळून घेतलं, गूळ शेवटी. फुटला नाही!! पण गुळाचा नवा डबाही आजच उघडला होता, त्यामुळे नक्की कशाने जमलं ते माहीत नाही.